कोकणातल्या पुराला ज्या अभ्यासाचा हवाला देतात, तो कोकणाबद्दल नेमकं काय सांगतो?

जुलैमध्ये सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत किंवा वाशिष्ठीचं चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं की दोन-चार दिवसांत एक वाक्य छापून येतंच: ‘अतिवृष्टीच्या घटना दुपटीने वाढल्याचं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे.’ मग ते वाक्य भाषणात जातं, तिथून मोबाइलवर फिरतं आणि फिरता फिरता ‘कोकणातली अतिवृष्टी दुप्पट झाली’ असं होऊन बसतं. त्यामागे बहुतेक वेळा एकच संशोधन असतं. ते खरं आहे, नावाजलेलं आहे आणि आजही वाचण्यासारखं आहे. फक्त त्याने जे म्हटलं ते आणि त्याच्या नावावर खपवलं जातं ते, यांत बरंच अंतर आहे.

अभ्यास कोणता?

डिसेंबर २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांचा एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हे सगळे मान्सूनचे अभ्यासक. त्यांच्यासमोर एक कोडं होतं. पृथ्वीचं तापमान वाढतंय, तापलेली हवा जास्त बाष्प धरते, तर मग भारतातला मोसमी पाऊस वाढायला हवा. पण शंभर वर्षांचे आकडे पाहिले तर मोसमाचा एकूण पाऊस जिथल्या तिथेच. असं का?

त्यांनी मोसमाची बेरीज बाजूला ठेवली आणि १९५१ ते २००० या पन्नास वर्षांतल्या जून ते सप्टेंबरच्या रोजच्या पावसाच्या नोंदी घेतल्या. त्यांतून तीन गोष्टी पुढे आल्या. मध्य भारतात खूप जोराच्या पावसाच्या घटना वाढल्या, त्यांची संख्याही आणि तीव्रताही. मध्यम पावसाच्या घटना कमी झाल्या. आणि या दोहोंनी एकमेकांना भरून काढल्यामुळे मोसमाच्या एकूण पावसात ठळक असा चढ किंवा उतार दिसला नाही.

या तीन वाक्यांतलं एक जरी गाळलं तर उरलेल्यांचा अर्थ बिघडतो. बातमीत सहसा पहिलंच येतं. त्यातूनही ‘मध्य भारतात’ हे दोन शब्द गळतात.

एकूण तेवढाच, तर बदललं काय?

बंदरावरचा हिशोब घ्या. एखाद्या होडीला मोसमात सरासरी तेवढीच मासळी मिळते, पण पूर्वी बहुतेक दिवस बेताची मिळायची आणि आता बरेच दिवस जाळं रिकामं येऊन दोन-तीन दिवस होडी बुडेल एवढी येते. वहीत वर्षाची बेरीज तीच दिसते. घर चालवणाऱ्याला मात्र दोन्ही वर्षं सारखी नसतात.

हेच पावसाच्या आकड्यांत पाहू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, अभ्यासातले नाहीत. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस. पहिल्या मोसमात एक दिवस १५० मिलिमीटर आणि पन्नास दिवस प्रत्येकी १५ मिलिमीटर पाऊस पडला. एकूण झाले ९०० मिलिमीटर. दुसऱ्या मोसमात तीन दिवस १५० आणि तीस दिवस १५ मिलिमीटर. बेरीज पुन्हा ९००. पण पहिल्या मोसमात कोरडे दिवस ७१ होते, दुसऱ्यात ते ८९ झाले. संथ, मुरणारा पाऊस वीस दिवसांनी घटला आणि धो धो कोसळणारे दिवस एकाचे तीन झाले. सरासरीवर नजर ठेवणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातली दुसरी गोष्ट, म्हणजे मध्यम पाऊस घटणं, जास्त महत्त्वाची ठरू शकते. लावणी झाल्यावर खाचरात पाणी टिकवणारा तो संथ पाऊसच असतो. १५० मिलिमीटरच्या दिवशी बरंचसं पाणी बांध ओलांडून पऱ्याला जातं, तिथून खाडीला. म्हणून या अभ्यासाची बातमी ‘अतिवृष्टी वाढली’ एवढ्यावर थांबवणं मला अर्धवट वाटतं.

‘घटना’ म्हणजे त्यांनी मोजलं काय?

अभ्यासात जोराच्या पावसाची मर्यादा दिवसाला १०० मिलिमीटर धरली आहे आणि अति जोराच्या पावसाची १५० मिलिमीटर. पाच ते १०० च्या दरम्यानचा पाऊस मध्यम. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे १५० मिलिमीटरच्या दिवशी शंभर चौरस मीटरच्या कौलारू छपरावरून पागोळ्यांनी १५,००० लिटर पाणी उतरतं.

पण हे १५० मिलिमीटर कुण्या एका पर्जन्यमापकातले नाहीत, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. अभ्यासात वापरलेली आकडेवारी भारतीय हवामान खात्याच्या १,८०३ केंद्रांवरून तयार केली होती. नोंदी निदान नव्वद टक्के दिवस उपलब्ध आहेत अशीच केंद्रं त्यात घेतली. मग भारताच्या नकाशावर एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांशाची चौकट आखून प्रत्येक घराला त्या दिवसाचा एक आकडा दिला. असं एक घर म्हणजे साधारण साडेअकरा हजार चौरस किलोमीटर. क्षेत्रफळ पाहिलं तर अख्खा रत्नागिरी जिल्हा आणि वर अर्धा सिंधुदुर्ग त्यात बसेल. एवढ्या मुलखाचा मिळून दिवसाला एकच आकडा.

समजा, अशा एका घरात पाच केंद्रं आहेत आणि एका दिवशी तिथे ३००, १८०, ९०, ४० आणि २० मिलिमीटर पाऊस झाला. साधी सरासरी काढली तर १२६ येते. प्रत्यक्षात केंद्राच्या अंतरानुसार वजन देऊन हिशोब करतात, पण तत्त्व हेच. हे घर त्या दिवशी १०० च्या वर गेलं, म्हणजे एक घटना नोंदली गेली. आता दुसरा दिवस: एका केंद्रावर ४०० मिलिमीटर, बाकीच्या चार ठिकाणी ३०, २०, १० आणि २०. सरासरी ९६. त्या एका गावाचं होत्याचं नव्हतं झालं, तरी अभ्यासाच्या हिशोबात ती घटनाच नाही.

२६ जुलै २००५ ला मुंबईत हेच घडलं होतं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७४ मिलिमीटरसुद्धा भरला नाही.

आणखी एक गोष्ट मोजणीतली. इथे ‘घटना’ म्हणजे एक घर, एक दिवस. आठ घरांवर दोन दिवस कोसळलेला एकच पाऊस सोळा घटना म्हणून मोजला जातो. त्यामुळे ‘घटना वाढल्या’ याचा अर्थ ‘वादळं वाढली’ असा लावता येत नाही. जोराचा पाऊस पूर्वीपेक्षा जास्त मुलखावर पसरतोय किंवा जास्त दिवस रेंगाळतोय, असंही असू शकतं. नुसत्या मोजणीवरून यातलं काय खरं, ते सांगता येत नाही.

दिवसाची व्याख्याही लक्षात ठेवावी. पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात. पहाटे दोनला सुरू होऊन दुपारी दोनला थांबलेला १८० मिलिमीटर पाऊस दोन तारखांत विभागला जातो. एकीकडे १००, दुसरीकडे ८० पडले तर १५० ची रेघ कुठेच ओलांडली जात नाही.

चौकोन कुठून कुठपर्यंत?

अभ्यासातला ‘मध्य भारत’ म्हणजे नकाशावर आखलेला एक चौकोन आहे: १६.५ ते २६.५ उत्तर अक्षांश आणि ७४.५ ते ८६.५ पूर्व रेखांश. नकाशा उघडून त्याची पश्चिमेकडची कड शोधा. रत्नागिरी, चिपळूण आणि महाड तिन्ही ७३ आणि ७४ च्या मध्ये आहेत. अलिबाग ७३ च्याही अलीकडे. सावंतवाडी ७४ ला टेकत नाही. म्हणजे डहाणूपासून बांद्यापर्यंतचं सगळं कोकण चौकोनाच्या बाहेर राहिलं. एवढंच काय, पुणे, नाशिक, सातारा आणि कोल्हापूरही बाहेर. महाराष्ट्राचा आत येणारा भाग साधारण सांगली-अहिल्यानगरच्या पूर्वेपासून सुरू होतो. छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, जळगाव आणि पुढे विदर्भ आत. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा बहुतेक भाग आणि ओडिशाचा मोठा पट्टाही त्यात येतो.

म्हणून ‘या अभ्यासानुसार कोकणात अतिवृष्टी दुप्पट झाली’ हे वाक्य सरळ सरळ चुकीचं आहे. अभ्यासाने कोकण मोजलंच नाही. ‘या अभ्यासानुसार कोकणात अतिवृष्टी वाढलेली नाही’ हे वाक्यही तितकंच चुकीचं, कारण तेच.

कोकण वगळलं का?

मुंबई-पुण्याबाहेरचं कुणाला दिसत नाही, अशी आपली नेहमीची तक्रार असते. इथे ती लागू होत नाही. चौकोन निवडण्यामागे कारण होतं, आणि ते कोकणी माणसाला कुणापेक्षाही लवकर पटेल.

शेकडो किलोमीटरच्या मुलखातल्या घटना एका टोपलीत टाकायच्या असतील तर तो मुलूख पावसाच्या बाबतीत बऱ्यापैकी एकसारखा हवा. मध्य भारत तसा आहे. बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे वायव्येकडे सरकत त्याच मुलखावरून जातात आणि तिथला बराच जोराचा पाऊस त्यांच्यामुळे पडतो. तिथे १०० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ सगळीकडेच मोठा पाऊस.

आता १७ ते १८ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश हे एकच घर पाहा. यात समुद्रालगतचं गुहागर आहे, डोंगराच्या पायथ्याचं चिपळूण आहे, माथ्यावरचं महाबळेश्वर आहे आणि घाट उतरल्यावरचं वाईसुद्धा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पसरणीचा घाट उतरून तासाभरात वाईला पोचावं, तर हजार मिलिमीटरही होत नाही. घराचा थोडा भाग अरबी समुद्रातच आहे. या सगळ्याची सरासरी काढून जो आकडा येईल तो ना गुहागरचा, ना महाबळेश्वरचा, ना वाईचा.

शिवाय मर्यादेचा प्रश्न आहे. कोकण-गोवा विभागाचा मोसमातला सरासरी पाऊस २,९०० मिलिमीटरच्या आसपास, मध्य भारताचा साधारण त्याच्या एक तृतीयांश. नागपूरला दिवसात १०० मिलिमीटर झाले तर ती बातमी होते. आंबोलीत किंवा माथेरानला जुलैत तेवढा पाऊस झाला तर कुणी छत्री मिटून विचारतही नाही. दोन्हीकडे १०० चीच रेघ मारली असती तर बहुतेक मोजणी सह्याद्रीनेच भरून गेली असती आणि मध्य भारतात काय बदललं ते झाकलं गेलं असतं.

पाऊस पडण्याची तऱ्हाही वेगळी. इथे नैऋत्येकडून आलेलं बाष्प सह्याद्रीला धडकून वर चढतं आणि पायथ्याशी व माथ्यावर रितं होतं. किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन-दोन, तीन-तीन दिवस उघडीप मिळत नाही. मध्य भारतातला बदल इथे तसाच्या तसा उतरेल, असं गृहीत धरायला आधार नाही.

“पण आम्ही तर डोळ्यांनी पाहतोय!”

हा आक्षेप येणारच, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. २००५ चा महाड, २०२१ चं चिपळूण आणि तळिये लोक विसरलेले नाहीत. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, ही नोंद खरीच आहे.

अडचण अशी की एका ठिकाणचे फार मोठे पाऊस मुळातच क्वचित पडतात. एखाद्या केंद्रावर २०० मिलिमीटरच्या वरचे दिवस कधी मोसमात तीन, कधी एक, तर पुढची दोन वर्षं एकही नाही, असं चालतं. पाच-दहा वर्षांत दोन मोठे पूर आले तर तो बदल आहे की नुसता योगायोग, हे त्या एका केंद्रावरून ठरत नाही. म्हणून तर या अभ्यासात इतका मोठा मुलूख एकत्र केला. चौकोनातला समुद्राचा भाग वगळला तरी शंभरच्या आसपास घरं उरतात आणि प्रत्येक घराचे मोसमात १२२ दिवस. दर वर्षी दहा हजारांहून जास्त नोंदी हाती आल्या की खालीवर होणाऱ्या आकड्यांतून दिशा दिसू लागते.

पण या ताकदीची किंमत मोजावी लागते. एकत्र केलेल्या मुलखाबद्दल जे ठामपणे सांगता येतं, ते त्यातल्या एकेका तालुक्याबद्दल सांगता येत नाही. चौकोनाच्या आत असलेल्या यवतमाळलाही ‘तुमच्याकडे दुप्पट झालं’ असं या अभ्यासावरून म्हणता येणार नाही. कोकण तर बाहेरच आहे.

‘दुप्पट’ आणि ‘ठळक कल’

दुप्पट हा शब्द अभ्यासाशी जोडला जातो तो १५० मिलिमीटरच्या वरच्या घटनांसाठी. पन्नास वर्षांत त्या दुपटीहून अधिक झाल्या. शंभरच्या वरच्या सगळ्या घटनांची वाढ त्यापेक्षा बरीच संथ, दर दशकात साधारण दहा टक्के. पावसाची मर्यादा जितकी वर, तितक्या मुळातल्या घटना कमी आणि तितकी टक्केवारी फुगलेली दिसते. म्हणून दुप्पट म्हटलं की लगेच विचारावं: कितीच्या वरचा पाऊस, किती वर्षांत, कुठल्या मुलखात?

संशोधक ‘ठळक कल’ म्हणतात तेव्हा त्यांचा एक ठरलेला अर्थ असतो: दिसणारी वाढ निव्वळ योगायोगाने आली असण्याची शक्यता फार थोडी आहे. वाढ मोठी आहे की लहान, हे त्यातून कळत नाही. आणि ‘मोसमाच्या एकूण पावसात ठळक कल नाही’ याचा अर्थ ‘पाऊस तंतोतंत तेवढाच राहिला’ असाही नव्हे. वर्षावर्षाच्या चढउतारांत दिशा वेगळी काढता आली नाही, एवढाच तो अर्थ.

“हे सगळं तापमानवाढीमुळेच ना?”

शोधनिबंधाच्या शीर्षकात तापत्या वातावरणाचा उल्लेख आहे आणि लेखकांचा रोखही तिकडेच आहे. पण त्यांनी प्रत्यक्ष सिद्ध केलं ते पावसाच्या नोंदींतले बदल. त्या बदलांतला किती वाटा तापमानवाढीचा आणि किती इतर कारणांचा, याची वाटणी करणं हे वेगळं काम आहे. त्यासाठी संगणकावरच्या प्रारूपांमध्ये तापलेलं आणि न तापलेलं जग शेजारी ठेवून पाहावं लागतं.

पार्श्वभूमीचं भौतिकशास्त्र मात्र पक्कं आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. इथे कुणीतरी विचारेल की सात टक्क्यांनी दुप्पट कसं होईल? मर्यादा ओलांडण्याच्या मोजणीत लहानसा बदलही मोठा दिसतो, हे त्याचं एक उत्तर. पूर्वी १४१ ते १४९ मिलिमीटरवर थांबणारे दिवस सात टक्के वाढले की सगळे १५० च्या पलीकडे जातात. पाऊस थोडाच वाढला, घटना मात्र कितीतरी वाढल्या. मध्य भारतातल्या पूर्ण वाढीचा हिशोब एवढ्यानेच लागतो असं नाही. वाऱ्यांमधले बदलही त्यात आहेत.

“नंतरच्या अभ्यासांनी वेगळं सांगितलं ना?”

सांगितलं, पण बहुतेक ठिकाणी त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला होता. २०१२ मध्ये सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये दाखवलं की देशभर तुकड्या-तुकड्यांनी पाहिलं तर अतिवृष्टीचा कल सगळीकडे एकसारखा नाही. काही ठिकाणी चढ, काही ठिकाणी उतार, आणि जागोजागचा फरक वाढत चाललाय. हे २००६ च्या निष्कर्षाला खोडून काढत नाही. मोठा मुलूख मिळून वाढ दिसणं आणि त्याच्या आत जागोजागी चित्र वेगळं असणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण मोठ्या मुलखाचा निष्कर्ष उचलून आपल्या गावाला चिकटवू नये, याला त्याने आणखी एक कारण मिळतं.

२०१७ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये १९५० ते २०१५ चा आढावा दिला. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असा त्यांचा निष्कर्ष. कारण म्हणून त्यांनी अरबी समुद्रावरच्या पश्चिमी वाऱ्यांची वाढती चंचलता दाखवली: हे वारे मधूनच उसळी घेतात आणि बाष्पाचा लोंढा आत ढकलतात.

हे वारे मध्य भारतात जातात ते कोकण ओलांडूनच. म्हणून ‘मग इथेही तिप्पटच’ असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्यांची मोजणी मध्य भारतातली आहे. बाष्प कोकणावरून गेलं म्हणजे तेवढ्या प्रमाणात इथे बरसलं असं होत नाही. २००६ च्या दुपटीवरून २०१७ च्या तिपटीपर्यंत ‘दहा वर्षांत आणखी वाढ’ असाही हिशोब लावतात. तोही चुकीचा, कारण दोघांनी मोजलेली वस्तू आणि कालखंड वेगळे आहेत.

पाऊस मोजला, पूर नाही

वरच्या एकाही अभ्यासात पूर मोजलेला नाही, आणि कोकणात हा फरक फार मोठा आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात पाणी चढलं तेव्हा पाऊस तर होताच, पण पौर्णिमाही दोन दिवसांवर होती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. दाभोळच्या खाडीतून पाणी वर रेटलं जातं आणि वाशिष्ठीला समुद्राकडे वाट मिळायला उशीर होतो. त्यात नदीपात्रात साचलेला गाळ, पात्रालगतचे भराव, आणि पोफळीच्या वीजगृहातून वाशिष्ठीच्या खोऱ्यात येणारं कोयनेचं पाणी. तेवढाच पाऊस ओहोटीच्या वेळी, मोकळ्या पात्रात पडला असता तर पाण्याची पातळी वेगळी राहिली असती. किती वेगळी, हे पावसाच्या आकड्यावरून सांगता येत नाही.

दरडींचंही तसंच. उतार कुठे कापला, पाणी कुठे मुरलं, आधीचे चार दिवस किती पाऊस झाला यावर ते अवलंबून असतं. म्हणून ‘अतिवृष्टी वाढल्याचं सिद्ध झालंय, आता पूर येणारच’ असं कुणी म्हणालं की तो अभ्यासाच्या आडोशाने गाळाचा आणि भरावाचा प्रश्न टाळत तर नाही ना, ते पाहावं.

आपल्या मंडळाचं तपासायचं असेल तर

महसूल मंडळांचा रोजचा पाऊस राज्याच्या कृषी विभागाच्या maharain.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर मिळतो. त्यावरून निष्कर्ष काढताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिली जागा मर्यादेची. पीकनुकसानीच्या पंचनाम्यासाठी राज्य सरकार मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतं. हवामान खात्याची मुसळधार पावसाची पायरी ६४.५ पासून सुरू होते, अति मुसळधारची ११५.६ पासून आणि सर्वांत वरची २०४.५ पासून. अभ्यासातले १०० आणि १५० हे एका अवाढव्य घराच्या सरासरीचे. ‘यंदा आमच्याकडे अतिवृष्टीचे वीस दिवस झाले’ हे ६५ च्या हिशोबाने कोकणात नेहमीचंच असू शकतं. त्याची तुलना अभ्यासातल्या घटनांशी करता येत नाही. इथल्यासाठी २०४.५ ची रेघ जास्त उपयोगी. किंवा त्या केंद्राचे सगळे जुने पावसाळी दिवस चढत्या क्रमाने लावून वरचा शंभरातला एक दिवस जिथे पडतो, तो आकडा मर्यादा म्हणून घ्यावा. मग महाबळेश्वरची रेघ महाबळेश्वरच्या मापाची आणि वाईची वाईच्या मापाची होते.

दुसरी जागा केंद्रांच्या संख्येची. पूर्वी तालुक्याला एखादं पर्जन्यमापक असायचं, आता मंडळामंडळात स्वयंचलित केंद्रं आहेत. तालुक्यात कुठेही २०४.५ ओलांडलं की एक दिवस मोजायचा, असं ठरवलं तर पाऊस तोच राहूनही मोजलेले दिवस वाढतील, कारण पाहणारे डोळे वाढले. २००६ च्या अभ्यासात नियमित नोंदी असलेली केंद्रंच घेतली होती ती याच कारणासाठी. आपणही एकच जुनं केंद्र धरावं आणि त्याची जागा बदलली होती का ते विचारावं. कचेरीच्या मागच्या अंगणातलं मापक गच्चीवर नेलं किंवा शेजारी आंब्याचं झाड वाढलं, एवढ्यानेही नोंद बदलते.

तिसरी जागा काळाची. स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी काही वर्षांच्याच आहेत. कल पाहायला निदान तीस वर्षं हवीत, पन्नास असतील तर उत्तम. रत्नागिरी, हर्णै, अलिबाग, सांताक्रूझ, कुलाबा ही हवामान खात्याची जुनी केंद्रं आहेत. सुरुवात तिथून करावी, प्रत्येकाचा तक्ता वेगळा ठेवावा आणि तो पुरा होईपर्यंत बातमीत लिहायचं वाक्य असं ठेवावं: ‘१९५१ ते २००० या काळात मध्य भारतात एकूण मोसमी पाऊस फारसा न बदलता जोराच्या पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या, या अभ्यासात कोकणाचा समावेश नव्हता.’ मथळ्याला ते लांब होतं, हे खरं. मथळा लहान करायचाच असेल तर ‘दुप्पट’ काढावं, ‘मध्य भारतात’ ठेवावं.